आजीची तळटीप

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, माळाच्या पायथ्याशी एक पाझर तलाव आहे. गावात त्याला नुसतं 'तळं' म्हणतात. पाऊस बरा झाला तर दिवाळीपर्यंत त्यात म्हशी डुंबतात आणि मार्चनंतर तळात पोरं क्रिकेट खेळतात. मीही तिथेच खेळलो. हे तळं कुणी बांधलं, हा प्रश्न वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मला पडला नव्हता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहासाचा फील्ड प्रोजेक्ट करावा लागला नसता तर पुढेही पडला नसता.

प्रकल्प संपून आता दोन महिने झाले. खालच्या वर्गातल्या पोरांचे फोन येतात, 'दादा, आजी-आजोबांनी सांगितलेलं प्रोजेक्टमध्ये चालतं का, आणि चालत असेल तर लिहायचं कसं?' प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा जसं घडलं तसं लिहून टाकतो.

9 डिसेंबर 2024 ला सरांनी विषय मागितले. निम्म्या वर्गाने आपापल्या गावचं ग्रामदैवत घेतलं. मी 'आमच्या गावचा पाझर तलाव' असं लिहून दिलं. त्यामागे काही विचार नव्हता. देवळावर आधीच बारा जण होते, एवढंच. सरांनी विचारलं, "साधनं काय आहेत?" मी म्हणालो, "तळ्यावर पाटी आहे सर. शिवाय आजी तिथे कामाला होती." सर म्हणाले, "पाटी ठीक आहे. आजी हे साधन होऊ शकतं, पण ते तू सिद्ध करायचं. 'माझी आजी म्हणते' असं लिहून आणलंस तर फाडून टाकीन."

पाटीवर 'पाझर तलाव, पूर्ण वर्ष 1974-75' असं आहे. आजी म्हणायची, "तळं भात्तरच्या दुष्काळात झालं." म्हणजे पहिल्याच दिवशी दोन साधनांत दोन वर्षांचा फरक पडला.

आमचा भाग माणदेशाचा. 1972 चा दुष्काळ इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खरं तर पाऊस आदल्या दोन वर्षांतही ओढ देतच होता, 72 ला तो पुरता फिरला. सरकारने जागोजागी दुष्काळी कामं काढली. रस्ते, नाला बंडिंग, खडी फोडणं आणि पाझर तलाव. पाझर तलावाला कालवा नसतो. पाणी अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि खालच्या विहिरींना ते लागायचं, एवढंच त्याचं काम. बांधायला यंत्रं फारशी लागत नाहीत, माणसं मात्र भरपूर लागतात. दुष्काळात माणसांनाच काम हवं होतं, म्हणून आमच्या भागात अशी तळी गावोगाव दिसतात.

पहिली मुलाखत 22 डिसेंबरला, रविवारी घेतली आणि ती पूर्ण वाया गेली. दुपारी आजी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. शेजारच्या दोन म्हाताऱ्याही होत्या. मला वाटलं, तिघी एकदम मिळाल्या, बरं झालं. मोबाइल मधे ठेवला आणि विचारलं, "तळं किती साली झालं?" आजी म्हणाली, "भात्तर." दुसरी म्हणाली, "व्हय, भात्तर." तिसरीने मान हलवली. पगार किती होता, तर आजीने आकडा सांगितला आणि बाकीच्या दोघींनी तोच धरला. पाऊण तासाचं रेकॉर्डिंग ऐकताना लक्षात आलं की तीन मुलाखती नव्हत्याच, एका मुलाखतीला दोघींनी नुसता हुंकार भरलेला होता. त्यातही निम्मा वेळ शेळी ओरडत होती.

सरांना ऐकवलं. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, माणसं वेगवेगळी गाठायची. दुसरी, म्हाताऱ्या माणसाला साल विचारायचंच नाही. साल हे कागदाचं कोष्टक आहे. तिच्या डोक्यात काळ ज्या खुंट्यांना टांगलेला असेल त्या खुंट्या विचारायच्या. तेव्हा घरात कुणाचं लग्न झालं होतं, कुठलं मूल केवढं होतं, कुठलं पीक उभं होतं, कोणता सण जवळ होता.

दुसरी मुलाखत जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला झाली. या वेळी आतल्या खोलीत बसलो, पंखा बंद, दार लोटलेलं. सुरुवातीलाच एक कागद वाचून दाखवला. हे रेकॉर्ड होणार आहे, कॉलेजच्या प्रकल्पात वापरणार आहे, तुला नको असेल ते गाळीन, असा मजकूर. आजी म्हणाली, "मला कशाला वाचून दावतोस? मी काय न्हाई म्हणणाराय?" तरी अंगठा घेतला. ती सही करायला शिकली आहे, पण सहीला पाच मिनिटं लागतात आणि त्या दिवशी तिचा हात दुखत होता. हा कागद मी केवळ नियम म्हणून केला होता. त्याचा उपयोग पुढे झाला.

मग मी विचारलं, "तळ्यावर जायचीस तेव्हा आप्पा केवढे होते?" आप्पा म्हणजे माझे वडील, तिचं थोरलं लेकरू.

आणि तिचा सूर बदलला. जे बोलली ते रेकॉर्डिंगमधून उतरवून जसंच्या तसं देतो.

"तुजा आप्पा रांगत न्हवता अजून. पालथा पडायचा, बसवला तर बसायचा आन् कलंडायचा. त्याला घिऊनच जायची मी. बंधाऱ्याच्या कडंला बाभळ व्हती, तिला लुगड्याची झोळी बांधायची. माजी पाटी भरली की वर जाताना एकदा बघायचं आन् रिकामी करून येताना एकदा बघायचं. थंडी सरली व्हती, ऊन तापाय लागलं व्हतं. बाभळीला सावली कसली, पर चिंधी टाकायची वर."

मी विचारलं, "माती कुठली टाकायचात?"

"दोन परकारची. मदी काळी, बाजूनं मुरूम. आदी लांबच्या लांब चर खांदला, पार खाली दगड लागंपतुर. त्यात काळी माती घालून पानी मारून तुडवायची. मुकादम म्हनायचा, हितं खडा ऱ्हायला तर पानी पळंल. काळी माती त्या वड्याकडच्या रानातली. त्या रानाचं वाटोळं झालं."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. नंतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना विचारलं तेव्हा कळलं, मातीचा बांध असाच बांधतात. मधला गाभा पाणी न झिरपणाऱ्या काळ्या मातीचा, दोन्ही बाजूंना मुरमाचं आवरण आणि खाली खडकापर्यंत नेलेला चर, म्हणजे बांधाच्या पोटाखालून पाणी निसटत नाही. आजीने बांधाचा छेदच तोंडी सांगितला होता. तो मी कागदावर काढला आणि प्रकल्पात आकृती म्हणून जोडला. खाली 'मुलाखतीतील वर्णनावरून' असं लिहिलं.

एक तास दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. ते लिहून काढायला मला तीन रात्री लागल्या. ज्यांना करायचं आहे त्यांनी हिशेब धरून ठेवा, एका तासाच्या बोलण्याला सहा-सात तास जातात. आणि त्याच आठवड्यात बसा, कारण 'ती बाभळ', 'त्या वड्याकडचं' असं बोलताना आजीने हात कुठे केला होता ते रेकॉर्डिंगमध्ये नसतं, फक्त तुमच्या डोक्यात असतं.

आता प्रश्न तारखेचा. आप्पा बसता येईल एवढे होते, म्हणजे सहा-सात महिन्यांचे. थंडी सरत होती, म्हणजे फेब्रुवारी-मार्च. आप्पांची जन्मतारीख कळली की झालं. दाखल्यावर 1 जून 1971 आहे. त्या हिशेबाने काम 1972 च्या सुरुवातीचं ठरतं. पण भात्तरचा पाऊस तर जूननंतर हुकला. दुष्काळ पुरता पडायच्या आधीच तळं चालू झालं असं होत होतं.

गंमत अशी की आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो. जूनमध्ये शाळा उघडायची, गुरुजी पोराचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला लावून बघायचे, आणि वय बसेल अशी एक जून टाकून द्यायचे. माझ्या घरात आप्पा, एक आत्या आणि चुलते तिघेही एक जूनचे. शाळेचा दाखला हा कागद खरा, पण त्यावरची तारीख गुरुजींची असते.

जन्माची खरी नोंद ग्रामपंचायतीत असायला हवी होती. मी आमच्या ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांना आता 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणायचं असतं, पण सगळे जुन्याच नावाने हाक मारतात. त्यांनी 1971 आणि 1972 चं रजिस्टर काढलं. आजोबांच्या नावाने एकही जन्म नाही. मी निराश होऊन घरी आलो आणि चहा पिताना सांगितलं. आजीने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी विचारूच नये ते विचारलं.

"हितं कसं घावंल? पयलं बाळंतपण माहेरी."

ही गोष्ट ध्यानात ठेवा. घरातल्या थोरल्या मुलाची जन्मनोंद शोधायची असेल तर आजीचं माहेर गाठा.

आजीचं माहेर बत्तीस किलोमीटरवर. 10 फेब्रुवारीला मी आणि आप्पा मोटरसायकलवर गेलो. आप्पांना मुद्दाम नेलं, कारण नोंद त्यांची, अर्ज त्यांच्या सहीने करायचा. मी एकटा गेलो असतो तर मला कुणी रजिस्टर दाखवलंच नसतं, आणि ते बरोबरही आहे. तिथे रजिस्टर एका कापडी बासनात होतं, पानांच्या कडा भुग्यासारख्या झालेल्या. 1972 च्या पानांवर बोट खाली नेत नेत ऑगस्टवर आलो. '17 ऑगस्ट, पुरुष', बापाचं नाव म्हणून आजोबांचं नाव आणि गाव म्हणून आमचं गाव. मुलाच्या नावाची जागा कोरी, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं.

आप्पा ते पान बराच वेळ बघत राहिले. ते एसटीत कंडक्टर आहेत. परत येताना मोटरसायकलवर मागून म्हणाले, "म्हणजे मी सव्वा वर्षानं लहान आहे की रे. मला एक वर्ष आधीच घरी बसवणार म्हण की."

आजीला जन्माची खूण विचारली होती तेव्हा ती म्हणाली होती, "पंचमीचं झोकं बांधलेलं अजून सोडलं न्हवतं. पर पाऊस न्हवता." जुन्या पंचांगात 1972 ची नागपंचमी पाहिली तर ती ऑगस्टच्या मध्यावरच होती. म्हणजे आप्पा सहा-सात महिन्यांचे असताना फेब्रुवारी-मार्च 1973 येतो. तेव्हा तळ्याचं काम जोरात होतं, आणि भराव अजून निम्म्यावर होता, कारण आजीच्या सांगण्याप्रमाणे 'बाभळीवरनं बांध दिसायचा न्हाई, उलट बांधावरनं बाभळ वरच दिसायची'.

पाटीवरचं 1974-75 मग खोटं का? खोटं नाही. माहितीच्या अधिकारात मागवलेल्या कागदावरून ते उलगडलं.

अर्ज मी 20 जानेवारीलाच टाकला होता. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलं आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला. लिहिताना एक काळजी घ्या, 'तलाव कधी व का बांधला' असा प्रश्न विचारायचा नाही. कागद मागायचा. मी तीन गोष्टी मागितल्या. तलावाच्या नोंदवहीतला उतारा, अंदाजपत्रकाची प्रत आणि कामावरच्या मजुरांचे हजेरीपट. मी ज्या कार्यालयाला पाठवला ते चुकीचं निघालं. असे तलाव काही जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात, काही राज्याच्या जलसंधारण खात्याकडे, आणि बाहेरून बघून कळत नाही. पण कलम 6(3) खाली त्यांनाच अर्ज योग्य ठिकाणी वर्ग करावा लागतो. तसं पत्र 3 फेब्रुवारीला आलं. मग फी भरा असं पत्र आलं, पानाला दोन रुपये, नऊ पानांचे अठरा. ते भरले आणि 27 फेब्रुवारीला पाकीट मिळालं.

नोंदवहीच्या उताऱ्यात 'काम पूर्ण' या रकान्यात 1974-75 होतं. 'काम सुरू' हा रकाना कोरा. म्हणजे पाटी ज्या कागदावरून रंगवली तो कागद फक्त शेवट सांगत होता. शिवाय त्याआधी ऑनलाइन पंधरा-पंधरा रुपयांत काढलेल्या दोन सातबाऱ्यांवर तलावाखालच्या जमिनीच्या फेरफाराचा क्रमांक होता. तो फेरफार तलाठी कार्यालयात पाहिला, त्यावर 1976. एकाच तळ्याची तीन वर्षं झाली. आजीचं 1973 हे माती वाहण्याचं, पाटीचं 1974-75 हे काम संपल्याचं आणि फेरफाराचं 1976 हे जमीन कागदावर हलल्याचं. प्रकल्पात मी 'तलाव अमुक साली बांधला' असं एकही वाक्य ठेवलं नाही. तिन्ही वर्षं आपापल्या कामासकट लिहिली.

पाकिटातलं शेवटचं पान मात्र मी परत परत वाचलं. हजेरीपटांविषयी दोन ओळी होत्या. अभिलेख जतन करण्याची मुदत संपल्याने ते नष्ट करण्यात आले आहेत, माहिती निरंक. म्हणजे त्या बांधावर कुणी पाटी उचलली, किती बायका होत्या, कुठल्या गावांहून आल्या होत्या, याचा सरकारकडे आता एकही कागद नाही. मी सरांना ते पान दाखवलं. ते काही बोलले नाहीत. आजीच्या मुलाखतीच्या पानांवर खूण केली आणि म्हणाले, "हे परिशिष्टात टाकू नकोस. मुख्य मजकुरात आण."

आजी सगळीकडे बरोबर निघाली असं नाही. मुलाखतीत ती सारखं 'रोजगार हमीवर जायचो' म्हणत होती. रोजगार हमीचा कायदा झाला 1977 साली आणि तो लागू झाला 26 जानेवारी 1979 पासून. 1973 ची कामं दुष्काळी कामं होती. वि. स. पाग्यांच्या हमीच्या कल्पनेची सुरुवात आधीची असली तरी आमच्या तळ्यावर तेव्हा ते नाव कुणाच्या तोंडी असणं कठीण होतं. सुरुवातीला मला वाटलं, हे वाक्य गाळावं, नाहीतर सर सगळ्या मुलाखतीवरच शंका घेतील. मग गाळण्याऐवजी तिलाच परत विचारलं.

"आजी, तळ्यावर आणि रोजगार हमीवर, दोन्हीकडं तू होतीस का?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "थांब. तळ्यावर सुकडी मिळायची. दुपारच्याला वाटायची, गोड असायची, पोराला पान्यात कालवून चारायचे. घरी लाल मिलूच्या भाकरी, त्या गिळवत न्हवत्या. रस्त्याचं काम केलं तवा सुकडी न्हवती. आन् रस्त्याच्या वक्ताला आप्पा साळंत जायचा, सांच्याला मला न्यायला यायचा कामावर. ती हमी आसंल. तळं म्हंजी सुकडी."

दोन कामं, मधे सहा-सात वर्षं, आणि एकच पाटी डोक्यावर. आठवणीत ती एकमेकांत मिसळली होती आणि सुकडीने वेगळी केली. प्रकल्पात मी तिचं मूळ वाक्य तसंच ठेवलं आणि खाली लिहिलं, 'निवेदक येथे दोन वेगळ्या काळांतील कामे एकत्र सांगते. पुन्हा विचारल्यावर तिने स्वतः फरक स्पष्ट केला.' चूक लपवली असती तर बाकीचं खरं मानायला सरांना काही आधारच राहिला नसता.

9 मार्चला, रविवारी, आजीला घेऊन तळ्यावर गेलो. गुडघे दुखतात म्हणून आप्पांनी तिला मोटरसायकलवर बांधापर्यंत सोडलं. पाणी आटलं होतं, मधे हिरवट डबकं. बाभळ नाही. ती कधी तोडली ते कुणाला माहीत नाही. आजी बांधाच्या माथ्यावर उभी राहिली, ओढ्याच्या बाजूला हात केला आणि म्हणाली, "त्यो बग खड्डा." मी ते रान लहानपणापासून बघतोय. शेजारच्या शिवारापेक्षा ते पुरुषभर खाली आहे, आणि पाऊस पडला की तिथे पाणी साचतं. मला वाटायचं, नैसर्गिकच असेल. टेप लावून मोजलं, सगळ्यात खोल जागी दोन मीटरला थोडं कमी. कड एकदम सरळ, फावड्याने कापल्यासारखी, पन्नास वर्षांनीही. ज्यांचं ते रान, त्यांच्या सातबाऱ्यावर तेवढा तुकडा पोटखराबा म्हणून लागलाय. काळी माती गेली ती बांधाच्या पोटात. हा फोटो प्रकल्पातला सगळ्यात चांगला पुरावा ठरला. आजीचं वाक्य, सातबाऱ्यावरची नोंद आणि जमिनीतला खड्डा, तिन्ही एकाच पानावर आले.

एक गोष्ट प्रकल्पात नाही. तळ्यावरचा मुकादम खोटी हजेरी लावायचा. कामावर न आलेल्यांची, एकदा तर मेलेल्या माणसाचीही. आजीने नाव सांगितलं आणि लगेच म्हणाली, "हे लिवू नगंस. त्यो गेला. त्याची नातवंडं तुज्यासंगं खेळतात." तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच विचारलं, "मुकादमाचं नाव का नाही दिलं?" मी संमतीचा कागद काढला, त्यावर 'नको असेल ते गाळीन' हे वाक्य होतं, खाली अंगठा. त्यांनी कागद वाचला आणि पुढच्या प्रश्नावर गेले.

भाषेवरून मात्र सरांशी थोडा वाद झाला. त्यांचं म्हणणं, मुलाखत प्रमाण मराठीत लिही. मी एक पान तसं करून पाहिलं. 'तिथे खडा राहिला तर पाण्याची गळती होईल' असं ते झालं. 'पानी पळंल' यात मुकादमाचा आवाज होता, तो गेला. शेवटी असं ठरलं की आजीचं बोलणं बोलीतच राहील आणि अनोळखी शब्दांचे अर्थ शेवटी एका पानावर. सुकडी, मिलू, चर, झोळी. सतरा शब्द झाले.

आता तळटीप. पोरं सगळ्यात जास्त हेच विचारतात. सरांनी घालून दिलेला साचा असा: निवेदकाचं नाव, वय, गाव, मुलाखत घेणाऱ्याचं नाव, मुलाखतीची तारीख, ठिकाण, रेकॉर्डिंगमधला मिनिट. मिनिट विसरू नका, त्यामुळे तुमचं वाक्य कुणालाही ऐकून तपासता येतं. पण आमच्या घरात पहिल्या रकान्यावरच गाडी अडली. आजीचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं सासरचं वेगळं, आणि आधार कार्डवर सासरचंच पण एक अक्षर चुकलेलं. मी विचारलं, "कुठलं घालू?" ती म्हणाली, "दोन्ही घाल. तळ्यावर माज्या माहेरच्या दोघी व्हत्या, त्या मला जुन्या नावानंच हाक मारायच्या." मग सासरचं नाव, कंसात माहेरचं, आणि नात्याच्या रकान्यात 'लेखकाची आजी'. हे नातं सांगणं सरांनी सक्तीचं केलं होतं. वाचणाऱ्याला कळायला हवं की विचारणारा नातू होता.

28 मार्चला प्रकल्प दिला. छपाई आणि स्पायरल बाइंडिंगच्या दोन प्रती मिळून चारशे वीस, पेट्रोल दोनशे, आणि बाकी पोस्ट, स्टॅम्प, उतारे मिळून शंभरच्या आतबाहेर. सगळा खर्च सव्वासातशेच्या आत बसला. तोंडी परीक्षा 4 एप्रिलला झाली.

त्याच संध्याकाळी घरची प्रत आजीला दाखवली. तिने खड्ड्याचा फोटो ओळखला, आकृती उलटी धरून बघितली आणि म्हणाली, "माजं नाव कुटं हाय?" मी पान बारा उघडलं आणि तळटीप मोठ्याने वाचली. दोन्ही नावं, वय, गाव, माझं नाव, '14 जानेवारी 2025, राहते घर, मिनिट 23'.

"चवदा म्हंजी संक्रांत," आजी म्हणाली. "संक्रांतीला आपुन कुटं बसलो? मी दिसभर वाण घिऊन देवळात व्हते. तू किंक्रांतीला इचारलंस. सकाळच्या गुळपोळ्या उरल्या व्हत्या, त्या खात खात बोललो."

मी मोबाइल काढला. फाइलवर तारीख 15 जानेवारी. टाइप करताना माझ्याकडून चौदा पडलं होतं, आणि अकरा तळटिपांत तेच कॉपी झालं होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन विभागातली प्रत मागून घेतली आणि अकराही ठिकाणी निळ्या पेनाने चारचे पाच केले.